निम्मे उरायला किती वेळ?

परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली देशातले पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन बसवले गेले. अशा यंत्रात फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू तयार होतो, तो ग्लुकोजसारख्या रेणूला जोडतात आणि ते औषध कर्करोगाच्या पेट स्कॅनसाठी रुग्णाच्या शिरेत टोचतात. फ्लोरिन-१८चे अर्धायुष्य ११० मिनिटे, म्हणजे दोन तासांना दहा मिनिटे कमी. सकाळी आठला भरलेल्या बाटलीतला निम्मा किरणोत्सार नऊ पन्नासला उरतो आणि अकरा चाळीसला पाव. समजा, स्कॅन अकरा चाळीसला असेल, तर जेवढा डोस लागणार त्याच्या चौपट आठ वाजता भरून पाठवावा लागतो. बाटली एका रुग्णासाठी भरली आहे की वीस रुग्णांसाठी, औषध थेंबभर पाण्यात आहे की पेलाभर, याने या हिशेबात काडीचाही फरक पडत नाही.

अर्धायुष्याची ओळख बहुतेकांना अशीच होते. शाळेत कार्बन-१४, वर्तमानपत्रात आयोडीन-१३१, दवाखान्यात एखादे औषध. त्यामुळे अर्धायुष्य हा पदार्थाचा जन्मजात आकडा आहे, उत्कलनबिंदूसारखा, अशी समजूत पक्की होते. मग रसायनशास्त्राच्या पेपरात दुसऱ्या कोटीच्या अभिक्रियेचे गणित येते आणि तिथे हीच समजूत दगा देते.

ब्युटाडाईन हा वायू घ्या. कृत्रिम रबर याच्यापासून बनते. तो ३२६ अंश सेल्सिअसला तापवला, की त्याचे दोन-दोन रेणू एकमेकांना चिकटून एक मोठा रेणू तयार होतो. याचे अर्धायुष्य किती, असे विचारले तर जाणकार आधी उलट प्रश्न करील: भांड्यात वायू किती भरला होता? त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय अर्धायुष्य सांगताच येत नाही. सायक्लोप्रोपेन या दुसऱ्या वायूची गोष्ट वेगळी. ५०० अंशांना त्याचे प्रोपीन होते आणि साधारण सतरा मिनिटांत तो निम्मा होतो. तिथे उलट प्रश्नाची गरज पडत नाही. दोन्ही वायूच, दोन्ही बंद भांड्यात तापवलेले. मग एकाला स्वतःचा ठरलेला काळ असतो आणि दुसऱ्याला का नसतो?

याचे उत्तर रेणू एकटा बदलतो की जोडीने, यात आहे.

सायक्लोप्रोपेन म्हणजे तीन कार्बन अणूंचे चिमुकले वलय. तीनच अणूंचे वलय करायचे म्हणजे बंध फार वाकवावे लागतात, त्यामुळे ते ताणलेले असते. (एकेकाळी भूल देण्यासाठी हाच वायू वापरत, तो स्फोटक असल्याने पुढे मागे पडला.) भरपूर ऊर्जा मिळालेला रेणू हलताना-थरथरताना कधीतरी वलय तोडतो आणि सरळ साखळीचा प्रोपीन होतो. या तुटण्यासाठी त्याला दुसऱ्या सायक्लोप्रोपेन रेणूशी संयोग करावा लागत नाही. ५०० अंशांना दर मिनिटाला दर हजार रेणूंमागे सुमारे चाळीस रेणू बदलतात. भांड्यात कोट्यवधी रेणू असोत की त्याच्या दहावा हिस्सा, हजारी चाळीस हे प्रमाण तेच राहते. रेणू कमी झाले की एकूण बदलणारेही कमी होतात, पण उरलेल्या प्रत्येकाची बदलण्याची शक्यता पूर्वीइतकीच असते. म्हणून हजाराचे पाचशे व्हायला जेवढा वेळ, तेवढाच पाचशेचे अडीचशे व्हायला आणि अडीचशेचे सव्वाशे व्हायला. हीच प्रथम कोटीची अभिक्रिया. फ्लोरिन-१८चा अणूही असाच एकटा फुटतो. त्याला तर तापमानाचेही सोयरसुतक नाही.

ब्युटाडाईनच्या रेणूला मात्र जोडीदार हवा. जत्रेत हिंडणाऱ्या माणसाला ओळखीचे कोणी भेटण्याचा संभव गर्दीत गावातली माणसे किती आली आहेत यावर असतो. निम्मी माणसे घरी परतली, की मागे राहिलेल्या प्रत्येकाच्या गाठीभेटीही निम्म्यावर येतात. ब्युटाडाईन जसजसा संपत जातो, तसतसे उरलेल्या रेणूंना जोडीदार मिळणे दुरापास्त होते. दर मिनिटाला एकूण किती टकरी होतात हे पाहिले, तर रेणू निम्मे झाल्यावर त्या चौथ्या हिश्श्यावर येतात. वेग संहतीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, असे पुस्तक म्हणते ते यामुळे. पण अर्धायुष्याचे कोडे सुटते ते प्रत्येक रेणूच्या बाजूने पाहिले की. प्रथम कोटीत रेणूची बदलण्याची शक्यता अचल असते. द्वितीय कोटीत ती उरलेल्या संहतीबरोबर घसरत जाते.

ही घसरण प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्यांत पाहता येते. १९३२ साली डब्ल्यू. ई. व्हॉन या रसायनज्ञाने ब्युटाडाईनची हीच अभिक्रिया ३२६ अंशांना तपासली. त्याची मोजमापे आजही भौतिक रसायनशास्त्राच्या पुस्तकांत गणित म्हणून दिली जातात. पद्धत साधी आणि चलाख होती. दोन रेणूंचा एक रेणू होत असल्याने बंद भांड्यातला एकूण दाब उतरत जातो. दाबमापीवर नजर ठेवली, की आत किती ब्युटाडाईन उरला हे नमुना बाहेर न काढता कळते.

सुरुवातीला दाब ६३२ टॉर होता (वातावरणाचा दाब ७६० टॉर). सारे ब्युटाडाईन जोडीने संपले असते, तर दाब नेमका निम्मा, ३१६ टॉर झाला असता. मधल्या कोणत्याही क्षणी ब्युटाडाईनचा स्वतःचा दाब काढायचा, तर त्या वेळच्या एकूण दाबाची दुप्पट करून त्यातून ६३२ वजा करायचे. कारण सरळ आहे: दाब जितका उतरला, तितके मोठे रेणू तयार झाले आणि त्याच्या दुप्पट ब्युटाडाईन खर्ची पडले. विद्यार्थ्यांची पहिली चूक इथेच होते. ते एकूण दाबालाच ब्युटाडाईनचा दाब धरून चालतात. मग वायू कधी निम्म्याखाली जातच नाही, अर्धायुष्य सापडत नाही आणि गणित अडून बसते.

६८ मिनिटांनी एकूण दाब होता सुमारे ४७५ टॉर. दुप्पट ९५०, त्यातून ६३२ गेले, उरले ३१८. म्हणजे ब्युटाडाईन जवळजवळ निम्मा झाला. पहिले अर्धायुष्य ६८ मिनिटे आणि काही सेकंद.

ही अभिक्रिया प्रथम कोटीची असती तर पुढे काय झाले असते, ते आधी पाहू. आणखी ६८ मिनिटांनी पाव, म्हणजे १५८ टॉर उरायला हवे होते. ११९व्या मिनिटाला १८८ टॉरच्या आसपास आणि साधारण २६०व्या मिनिटाला जेमतेम ४५. व्हॉनच्या नोंदी वेगळेच सांगतात. ११९व्या मिनिटाला एकूण दाब ४३३ टॉर होता, म्हणजे ब्युटाडाईन २३४. साधारण २६०व्या मिनिटाला एकूण दाब ३८१, म्हणजे ब्युटाडाईन १३०. प्रथम कोटीच्या अंदाजाच्या जवळजवळ तिप्पट वायू अजून शिल्लक होता.

आता द्वितीय कोटीचा अंदाज लावून पाहू. इथे संहतीचा व्यस्तांक, म्हणजे एक भागिले संहती, सारख्या पावलांनी वाढतो. ६८ मिनिटांत तो दुप्पट झाला, तर आणखी ६८ मिनिटांत तिप्पट होईल, त्यापुढच्या ६८ मिनिटांत चौपट. चौपट झाला म्हणजेच वायू पाव उरला. म्हणून पाव उरायला २०४ मिनिटे लागतात: पहिली निमकी ६८ मिनिटांत, दुसरी तिच्या दुप्पट म्हणजे १३६ मिनिटांत. तिसरीला २७२ लागतील. २६० मिनिटे म्हणजे ६८ मिनिटांचे सुमारे ३.८ टप्पे; व्यस्तांक ४.८ पट होतो आणि ६३२ भागिले ४.८ म्हणजे १३१ टॉर. मोजलेला आकडा १३०. सव्वाचार तासांहून अधिक काळ चाललेल्या प्रयोगात एका टॉरचा फरक. याहून चांगली साक्ष मागायची तरी कशी?

या आकड्यांतून प्रत्येक रेणूची शक्यताही काढता येते. सुरुवातीला, ६३२ टॉरला, दर मिनिटाला हजारी साडेचौदा रेणू बदलत होते. ३१६ला हे प्रमाण हजारी सात-सव्वासातवर आले, १५८ला साडेतीनच्या जरा वर. सायक्लोप्रोपेनचे हजारी चाळीस जागचे हलत नाही, हे याच्या शेजारी ठेवले की दोन्ही सूत्रे घोकावी लागत नाहीत:

प्रथम कोटी: t½ = 0.693 / k
द्वितीय कोटी: t½ = 1 / (k × c₀)

इथे k हा वेग स्थिरांक आणि c₀ ही सुरुवातीची संहती. ०.६९३ हा दोनचा नैसर्गिक लॉगरिदम आहे. निम्मे होण्याचा प्रश्न असल्याने तो येतो. पहिल्या सूत्रात संहती मुळीच नाही, दुसऱ्यात ती छेदात बसली आहे. व्हॉनने भांड्यात दुप्पट, म्हणजे १२६४ टॉर वायू भरला असता, तर तो ३४ मिनिटांत निम्मा झाला असता. दहावा हिस्सा भरला असता, तर साडेअकरा तासांच्या आसपास लागले असते. तापमान तेच, वायू तोच, वेग स्थिरांकही तोच.

वेग स्थिरांकाचे एकक बघायची सवय लावली तर परीक्षेतला अर्धा गोंधळ मिटतो. प्रथम कोटीचा स्थिरांक ‘दर सेकंदाला’ किंवा ‘दर मिनिटाला’ एवढ्यावर थांबतो. द्वितीय कोटीच्या स्थिरांकात वेळेसोबत संहती किंवा दाबही येतो. ब्युटाडाईनसाठी तो मिनिटाला, टॉरमागे ०.००००२३ असा आहे. त्यातून वेळ काढायची, तर टॉरचा आकडा गुणून घ्यावाच लागतो, नाहीतर एकके जुळत नाहीत.

परीक्षेतला ठरलेला सापळा म्हणजे ‘७५ टक्के पूर्ण व्हायला किती वेळ’. बहुतेक जण अर्धायुष्याची दुप्पट करतात. प्रथम कोटीत ते बरोबर असते, द्वितीय कोटीत तिप्पट हवी. सापळा छोटा वाटतो, पण शेपटीकडे गेलो की फरक अवाढव्य होतो. ९९ टक्के वायू संपायला प्रथम कोटीत साडेसहाहून थोडी जास्त अर्धायुष्ये पुरतात. सायक्लोप्रोपेनचे काम दोन तासांच्या आत आटोपते. द्वितीय कोटीत मात्र पहिल्या अर्धायुष्याच्या ९९ पट वेळ लागतो. व्हॉनच्या भांड्यासाठी हे कागदावर ११२ तास भरतात, म्हणजे साडेचार दिवसांहून जास्त. ९९.९ टक्क्यांचा हट्ट धरला, तर ९९९ पट. शेवटचे रेणू जोडीदार शोधत रिकाम्या भांड्यात भटकत राहतात. जोडीने संपणारा पदार्थ मिश्रणातून पुरता घालवायचा असेल, तर नुसते थांबून भागत नाही. तापमान वाढवावे लागते किंवा दुसरा घटक मुद्दाम जास्त टाकावा लागतो.

याचीच दुसरी बाजू साठवणुकीत उपयोगी पडते. टाकीतल्या द्रव ब्युटाडाईनमध्येही रेणूंची हीच जोडी हळूहळू तयार होत राहते. तिथे संहती कमी करण्याची सोय नसते, माल तर भरायचाच असतो. म्हणून टाकी थंड ठेवतात, वेग स्थिरांकच खाली आणतात.

आता कोटी ओळखायची कशी? सर्वांत सरसकट होणारी चूक म्हणजे प्रयोग लवकर थांबवणे. एकाच अर्धायुष्याच्या दोन अभिक्रिया घेतल्या, एक प्रथम कोटीची आणि एक द्वितीय, तर पहिल्या निमकीपर्यंत त्यांचे आलेख जवळजवळ एकावर एक बसतात. अर्ध्या वाटेवर एकीत ७१ टक्के उरलेले असते, दुसरीत ६७. मोजण्यात तीन-चार टक्के चूक असली, तर दोन्ही ओळखू येत नाहीत. तीन अर्धायुष्यांइतका वेळ गेल्यावर मात्र एकीत साडेबारा टक्के उरतात आणि दुसरीत पंचवीस. म्हणून अनुभवी संशोधक किमान दोन-तीन निमक्या होईपर्यंत नोंदी घेत राहतो. दुसरा मार्ग अधिक खात्रीचा: निरनिराळ्या संहतींनी सुरुवात करून पहिले अर्धायुष्यच पुन्हा पुन्हा मोजायचे. ते हलले नाही तर प्रथम कोटी, संहती दुप्पट केल्यावर निम्मे झाले तर द्वितीय.

पाठ्यपुस्तकांत द्वितीय कोटीसाठी ब्युटाडाईनपेक्षा नायट्रोजन डायऑक्साइडचे उदाहरण जास्त आवडीने देतात: ३०० अंशांना, लिटरमागे ०.०१ मोल संहतीला अर्धायुष्य १८४ सेकंद. गणित म्हणून ते चोख आहे. पण त्या तापमानाला उलट अभिक्रियाही चालू असते. तयार झालेले नायट्रिक ऑक्साइड आणि ऑक्सिजन पुन्हा जुळतात आणि खऱ्या भांड्यात हा वायू निम्मा होण्याच्या बराच आधी समतोलावर येऊन थांबतो. दोन्ही सूत्रांमागे एक न बोललेली अट असते: परतीची वाट बंद हवी. ही अट न सांगता दिलेले उदाहरण सोयीचे असते, प्रामाणिक असतेच असे नाही.

यापेक्षा गमतीचा घोळ साखरेच्या बाबतीत आहे. १८५० साली लुडविग विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने आम्लात विरघळलेल्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होताना पाहिले. साखरेच्या द्रावणातून जाणारा ध्रुवित प्रकाश किती वळतो यावरून तो वेग मोजत होता, आणि रासायनिक वेगाचे गणिती सूत्र मांडण्याचा मान त्यालाच दिला जातो. त्याची साखर नेमक्या प्रथम कोटीच्या शिस्तीने संपत होती. पण साखरेचा रेणू काही एकटा फुटत नाही. त्याला पाण्याचा रेणू जोडीला लागतो. मग दुसऱ्या भिडूची संहती गेली कुठे? ती तिथेच होती, पण हलत नव्हती. एक लिटर पाण्यात पाण्याचे सुमारे ५५ मोल असतात. साखर ०.१ मोल असेल, तर ती सगळी संपली तरी पाणी ५५चे ५४.९ होते. साखरेच्या प्रत्येक रेणूला जोडीदार पहिल्या मिनिटाला जितका सहज मिळतो, तितकाच शेवटच्या मिनिटालाही. त्यामुळे तिची फुटण्याची शक्यता अचल राहते आणि अर्धायुष्यही. याला छद्म प्रथम कोटी म्हणतात. संशोधक ही युक्ती मुद्दाम वापरतात: दोनपैकी एक घटक शेकडोपटीने जास्त घालायचा, की दुसऱ्याचे अर्धायुष्य स्थिर होते आणि मोजणी सोपी जाते. प्रयोगाचे पहिले पान न वाचता नुसता तो स्थिर आकडा उचलला, तर फसगत ठरलेली.

उलट दिशेचा घोळ खुद्द सायक्लोप्रोपेनमध्ये सापडतो. वर म्हटले की रेणूला ‘भरपूर ऊर्जा मिळते’. कुठून मिळते? इतर रेणूंशी होणाऱ्या टकरींतूनच. मग टकरी संहतीवर अवलंबून असताना अभिक्रिया प्रथम कोटीची कशी, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रसायनशास्त्रज्ञांना छळत होता. १९२१-२२च्या सुमारास फ्रेडरिक लिंडेमान यांनी उत्तर सुचवले. टक्कर रेणूला ऊर्जा देते, तशी काढूनही घेते. ऊर्जावान रेणू लगेच बदलत नाही, त्याला थोडा अवधी लागतो. दाब पुरेसा असेल, तर त्या अवधीत दुसरी टक्कर येऊन बहुतेकांची ऊर्जा हिरावून नेते. मिळण्याचा आणि गमावण्याचा वेग दोन्ही दाबाबरोबर सारखेच वाढतात, म्हणून ऊर्जावान रेणूंचे प्रमाण स्थिर राहते. त्या स्थिर प्रमाणातून जे मोजके बदलतात, त्यांचा हिशेब प्रथम कोटीचा होतो.

पण दाब फार उतरवला, तर चित्र पालटते. आता ऊर्जावान झालेल्या रेणूला अडवणारी दुसरी टक्कर वेळेत येतच नाही. तो हमखास बदलतो. अडचण उरते ती ऊर्जा मिळण्याची, आणि त्यासाठी तर जोडीदाराची टक्कर हवी. विरळ वायूत सायक्लोप्रोपेन द्वितीय कोटीकडे झुकतो आणि त्याचे सतरा मिनिटांचे अर्धायुष्य लांबत जाते. हे प्रयोगातही दिसले आहे. ‘प्रथम कोटीचे अर्धायुष्य संहतीवर अवलंबून नसते’ या नियमाला रसायनशास्त्रात अशी एक तळटीप आहे. फ्लोरिन-१८ला ती लागू नाही. त्याच्या फुटण्याला बाहेरच्या टकरींची गरजच नसते.

द्वितीय कोटीचे अर्धायुष्य असे सतत हलते, तर त्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. सूत्र पुन्हा पाहा. अर्धायुष्य हलते, संहती हलते, पण त्यांचा गुणाकार हलत नाही. तो १/k इतकाच राहतो. ब्युटाडाईन ६३२ टॉरला ६८ मिनिटे, ३१६ला १३६ मिनिटे. गुणाकार दोन्ही वेळा तोच. या गुणाकाराचा जीवशास्त्राने जो उपयोग केला, तो रसायनशास्त्राच्या पुस्तकात क्वचितच येतो.

वॉशिंग्टनच्या कार्नेगी इन्स्टिट्यूशनमध्ये काम करणारे रॉय ब्रिटन आणि डेव्हिड कोन यांनी १९६८ साली ‘सायन्स’ नियतकालिकात एक शोधनिबंध लिहिला. प्रयोग असा: प्राण्याच्या पेशीतला डीएनए काढून त्याचे काहीशे अक्षरांचे तुकडे करायचे, पाणी उकळण्याच्या आसपास तापवून दुपेडी धागे सुटे करायचे आणि मग द्रावण ६० अंशांच्या आसपास ठेवून सुटे पदर पुन्हा जुळू द्यायचे. प्रत्येक पदराला त्याचाच पूरक पदर भेटायला हवा, म्हणून ही अभिक्रिया द्वितीय कोटीची. ठरावीक वेळाने द्रावण हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटच्या थरातून गाळायचे. हा खनिज पदार्थ दुपेडी डीएनए धरून ठेवतो आणि सुटे पदर सोडून देतो, त्यामुळे किती जुळले हे लगेच कळते.

आलेखाच्या आडव्या अक्षावर त्यांनी नुसती वेळ घेतली नाही. सुरुवातीची संहती गुणिले वेळ, C₀t, घेतली. प्रयोगशाळेतल्या बोलीत त्याचे ‘कॉट’ झाले. या एका युक्तीने पातळ द्रावणात महिनोन्महिने चाललेले आणि घट्ट द्रावणात काही तासांत आटोपलेले प्रयोग एकाच आलेखावर बसू लागले.

गायीच्या वासराच्या डीएनएचा आलेख धक्कादायक निघाला. एका हिश्श्याची निमकी कॉट ३००० च्या सुमाराला होत होती, दुसऱ्याची ०.०३ च्या सुमाराला. याचा अर्थ वेळेत उतरवून पाहू. मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम डीएनए असेल, तर अक्षरांची संहती लिटरमागे सुमारे ०.०००३ मोल भरते. पहिल्या हिश्श्याला निम्मे जुळायला ३००० भागिले ०.०००३, म्हणजे एक कोटी सेकंद, जवळजवळ चार महिने. दुसऱ्याला शंभर सेकंद. एकाच नळीत, एकाच तापमानाला. द्रावण शंभरपट घट्ट केले, तर चार महिन्यांचे काम साधारण २८ तासांवर येते. ब्रिटन आणि कोन यांना मोजणी पूर्ण करता आली ती अशी संहती वाढवूनच.

दोन हिश्श्यांतला लाखपटीचा फरक आला कुठून? डीएनएची एकूण संहती दोघांना समान होती, पण पदराला एकूण डीएनएशी कर्तव्य नसते. त्याला त्याचा पूरक पदरच हवा. संपूर्ण जनुकसंचात एकदाच येणारा मजकूर कोट्यवधी परक्या तुकड्यांत हरवलेला असतो, म्हणून त्याच्या जोडीदाराची संहती अत्यल्प. तोच मजकूर लाखभर ठिकाणी पुन्हा पुन्हा लिहिलेला असेल, तर जोडीदारांची संहती लाखपट आणि अर्धायुष्य एक लाखांश. ब्रिटन आणि कोन यांनी नेमका हाच निष्कर्ष काढला: उच्च प्राण्यांच्या डीएनएचा मोठा भाग शेकडो-हजारो, कधी लाखो प्रतींचा बनलेला आहे. उंदराच्या डीएनएचा सुमारे दहावा हिस्सा तर एकाच छोट्या मजकुराच्या दहा लाखांच्या घरातल्या प्रती निघाल्या. डीएनएचा मजकूर अक्षर-अक्षर वाचण्याची सोपी पद्धत तेव्हा अजून यायची होती. पुनरावृत्ती ओळखली गेली ती अर्धायुष्यावरून.

जनुकीय तपासण्या करणाऱ्या प्रयोगशाळांच्या फ्रीजरमध्ये ‘कॉट-१’ नावाच्या कुपीतला मानवी डीएनए आजही असतो. सुटे केलेले पदर कॉट सुमारे १ होईपर्यंतच जुळू दिलेले असतात, म्हणजे त्यात पुनरावृत्त मजकूर भरपूर आणि एकेकटी जनुके जवळजवळ नाहीत. गुणसूत्रांवर चकाकणारी खूण जोडून एखादे जनुक शोधायचे असते, तेव्हा आधी हा डीएनए मिसळतात. तो खुणेतल्या पुनरावृत्त भागांना व्यापून टाकतो आणि गुणसूत्रभर पसरू पाहणारी चकाकी हव्या त्या जागेपुरती राहते.